पन्नास दिवसांचा हिशेब

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मी तालुका आरोग्य कार्यालयात डेटा ऑपरेटर होतो. रोज संध्याकाळी गावोगावचे नवे रुग्ण फोनवर घ्यायचे आणि संगणकात भरायचे, हे माझं काम. आकडा किती दिवसांत दुप्पट होतोय, तेही मीच काढून साहेबांना द्यायचो.

लाटेच्या पहिल्या नऊ दिवसांत रोजचे नवे रुग्ण सहावरून चोवीसवर गेले होते. पण मी पाहिला तो एकूण आकडा. त्यात मागच्या वर्षीचे नऊशे होते, कधीच बरे झालेले. नऊशेचे एक हजार अठरा झाले, म्हणजे दुप्पट व्हायला पन्नासेक दिवस. मी तसंच लिहून दिलं.

त्याच दिवशी वडनेरकडच्या एका आशाताईंचा फोन आला. आकडे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, पाच दिवसानं पुतणीचं लगन हाये. घरचेच चाळीस मानसं होतात. करू का पुढं ढकलू?"

"उरकून टाका ताई," मी म्हणालो. "दुप्पट व्हायलाच पन्नास दिवस आहेत."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. लग्न झालं.

लग्नाला तीन दिवस झाले होते, तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. आदल्या दिवशीचे नवे रुग्ण ऐंशीच्या वर होते. त्यांनी कागद ओढून घेतला. "मागच्या वर्षीचे सोड. फक्त रोजचे नवे लिही."

मी लिहिलं. सहा, चार दिवसांनी बारा, आणखी चार दिवसांनी चोवीस, मग सत्तेचाळीस, आज पंच्याण्णव.

"दर चार दिवसांनी दुप्पट," त्या म्हणाल्या. "हे चोवीस होते तेव्हाच दिसत होतं. जुन्या ढिगात नवी वाढ बुडाली." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईंचे मिस्टर त्याच आठवड्यात तापाने पडले. त्यांना सेवाग्रामच्या इस्पितळात नेलं, तिथून ते परतले नाहीत.

दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं, नऊशेचंही. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"तू नाई म्हनला असता तरी भासऱ्यानं आपल्या पोरीचं लगन केलंच असतं," त्या म्हणाल्या. "चहा घेशीन?"

मी चहा घेतला. त्या म्हणाल्या ते खरंही असेल. पण मी नाही म्हटलं असतं, तर ती दोघं नवरा-बायको तरी घरी राहिली असती का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. अजून झालेली नाही.