माणकातलं जाळं

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या आत्तीचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीचं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण मला शाळेत घातलं तिनं, मधेच शाळा सुटायची वेळ आली तेव्हा वडिलांशी भांडली तीच, आणि सांगलीच्या कॉलेजात मी भूशास्त्र घेतलं तेव्हा, "दगडांचं शिकून प्वाट भरंल व्हय रं?" एवढं एकदाच विचारून गप्प बसली तीही तीच. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं.

आत्ती कडेगावजवळच्या आमच्या गावात, माहेरीच राहायची. तिचे यजमान पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले ते परत आले नाहीत. लढाई संपल्यावर साताऱ्याकडचा त्यांचा एक सोबती तिच्या सासरी आला आणि त्यानं तिच्या हातावर एक लाल खडा ठेवला. "मंडालेत घेतला त्यानं, तुमच्या नथीसाठी," तो म्हणाला. "आनि वहिनी, त्यानं सांगितलंय, राग धरू नगं म्हणावं. माझा तर कवाच गेलाय."

शेवटची रजा संपवून निघताना दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून, ते तिनं कधी सांगितलं नाही. ते उंबऱ्यापाशी बराच वेळ उभे राहिले, आणि ही आत जात्यावर बसून राहिली. निरोप द्यायला बाहेर आली नाही.

त्या सोबत्याचं बोलणं तिच्या दिरानं चालू दिलं नाही. "जत्रंतली काच हाय ही! भावाचं सामान इकून खाल्लंस, आनि वर ही ग्वाड बोलणी घिऊन आलास!" तो माणूस पाणीही न पिता उठला, पुन्हा कधी आला नाही. आत्तीच्या मनात मात्र दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या. खडा खरा, तर निरोप खरा. खडा खोटा, तर निरोपही खोटा. रिकाम्या झालेल्या कुंकवाच्या करंड्यात तिनं तो खडा ठेवला आणि माहेरी आली.

लहानपणी मी तिला दारातल्या उन्हात तो धरून बसलेलं पाहिलंय. शेजारच्या काकू जाता-येता म्हणायच्या, "बसली बगा ब्रह्मदेशची राणी!" ती हसायची. मग हळूच मला विचारायची, "काच हाय का रं ही?"

कॉलेज झाल्यावर मला मुंबईत जव्हेऱ्यांच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी लागली. खरा खडा कोणता, कारखान्यातला कोणता, हे तिथं पाहत असत. सत्तरच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. पहिल्या रजेला गावी निघालो तेव्हा खिशात माझं स्वतःचं भिंग होतं. आत्तीचा खडा आता मला पाहता येणार होता.

घरी पोचलो तर करंडा रिकामा.

"सांगलीच्या सराफाकडं दिलाय," ती आनंदानं म्हणाली. "तुला अंगठी करायची. तो म्हनला, काच न्हाई, माणिकच हाय. पर आत जाळं हाय, आनि जाळ्याचं माणिक अंगावर घालू न्हाई. घासून काडतो म्हनला."

मी जेवलोही नाही. मिळेल ती एस.टी. धरून सांगली गाठली.

सराफ पेढीवर गादीला टेकून बसले होते. माणूस सरळ होता. मी धापा टाकत कारागिराचं विचारल्यावर त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. तिथं पैलू पाडणारा कारागीर एका हातानं चाक फिरवत होता आणि दुसऱ्या हातात काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवलेला आत्तीचा खडा होता.

"थांबा! थांबवा ते!"

त्यानं चाक थांबवलं. "काय झालं? आग लागली?"

"त्यातलं जाळं काढू नका."

"आवं, जाळं काडाया सांगितलं म्हनून तर बसलोय. निम्मं काडलं. आता म्हनं काडू नगा! आदी सांगाया त्वांड नव्हतं व्हय?"

लाख तापवून त्यानं खडा सोडवला. मी तो खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरला. एक बाजू आरशासारखी स्वच्छ झाली होती. दुसऱ्या बाजूला, कडेशी, रेशमाच्या तुटक्या धाग्यांसारख्या बारीक सुया एकमेकींना छेदत पसरल्या होत्या.

सराफ आत आले. "अहो, दोष काढला, तर ओरडता काय?"

"काका, हा खडा कुठून आला, ते त्या दोषावरूनच कळतं."

ते हसले. "ब्रह्मदेशचा म्हणून रोज एक जण खडा घेऊन येतो. माझा धंदा सोन्याचा. पण एवढं ठाऊक आहे, हल्ली जो माल दिसतो तो सयामचा, म्हणजे थायलंडचा. ब्रह्मदेशच्या खाणी तिथल्या सरकारनं घेतल्या, बाहेरच्याला पाय ठेवू देत नाहीत. नवा माल येतो तो चोरून, थोडका. म्हणून तर त्या नावाला भाव. सारख्याच वजनाचे, सारख्याच रंगाचे दोन खडे ठेवा. एकाला ब्रह्मदेशचं नाव खात्रीनं लागलं, तर तो दुसऱ्याच्या कित्येक पट जातो. हळदीच्या सौद्यात बघता ना? व्यापारी हळकुंड मोडतो, वास घेतो आणि कुठल्या बाजूचा माल ते सांगतो. भाव त्यावर."

"हळकुंड मोडल्याशिवाय कळत नाही," मी म्हणालो, "आणि इथं ज्याचा वास घ्यायचा तेच तुम्ही घासून टाकत होता."

ते मजुरी घेणार नाही म्हणाले, आणि खडा पुडीत बांधून माझ्या हातात दिला.

संध्याकाळी मी आत्तीला सगळं सांगितलं. काच नाही हे ऐकून ती महिनाभर हरखलेली होती, पण आता तिचा प्रश्न बदलला होता. "माणिक तर कलकत्त्यातबी मिळत असंल. मुंबईतबी. तिथलाच हाय का, त्ये सांग. ते ज्या मुलखात हुते, तिथला."

"मुंबईला नेऊन बघतो, आत्ती."

"बग. तुजं शिक्षान कामाला ईल एकदा." मग तिनं तोंड फिरवलं आणि चुलीत लाकूड सारत म्हणाली, "न्हाई निघालं, तरी खरं त्येच सांग."

प्रयोगशाळेतले आमचे साहेब कडक होते. खडा कुणाचा, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी आधी प्रकाश त्यात किती वाकतो ते मोजलं, माणिकच होतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारख्या रेषा शोधल्या. त्या दिसल्या असत्या तर खडा कारखान्यातला ठरला असता. त्या नव्हत्या. नंतर अंधाऱ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरला, आणि खडा निखाऱ्यासारखा लाल पेटला.

"याचा अर्थ?" साहेबांनी मला विचारलं.

"लोखंड कमी आहे, सर. सयामचे खडे लाव्हाच्या काळ्या खडकातून वर येतात, आपल्या सह्याद्रीच्या खडकाच्या भाऊबंदातून. त्यांच्यात लोखंड जास्त, म्हणून ते मंद पेटतात. ब्रह्मदेशचे संगमरवरात वाढतात, तिथं लोखंड कमी."

"कारखान्यातलेही असेच पेटतात. नुसत्या उजेडावर जाऊ नका."

मग त्यांनी खडा एका जड द्रवात बुडवला, म्हणजे पैलूंची चमक मरते आणि आतलं दिसतं. कपाटातून मूळ ठिकाण पक्कं माहीत असलेले खडे काढून शेजारी ठेवले, काही सयामचे, काही ब्रह्मदेशचे. सयामच्या खड्यांत रेशीम, म्हणजे सराफाचं ते जाळं, नसतंच. बोटांच्या ठशांसारखे पडदे असतात, मधे एखादा कण आणि त्याभोवती कडं. आत्तीच्या खड्यात तसं काही नव्हतं. होत्या त्या आखूड, दाट सुया, तीन दिशांना ठरलेल्या कोनांत गेलेल्या. त्यांच्याजवळ वितळल्यासारखे गोलसर, पांढुरके कण. आणि रंग सगळीकडे सारखा नव्हता, पाण्यात काकवी ढवळावी तसा वळसे घेत गेला होता.

साहेबांनी बराच वेळ डोळा काढला नाही. "कुणी मूर्खानं अर्धं रेशीम घासलंय."

मी शेजारचे खडे गोळा करायला लागलो.

"उरलंय तेवढं पुरे. ब्रह्मदेशच्या वरच्या डोंगरातला आहे, असं माझं मत. मत, पुरावा नव्हे. संगमरवर अफगाणिस्तानातही आहे. पण सगळ्या खुणा एकाच दिशेनं बोट दाखवतायत, एकही उलट नाही. आपण कागदावर फक्त 'नैसर्गिक माणिक' लिहितो. देशाचं नाव लिहून हवं असेल, तर खडा स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागेल. आहे कुणाचा?"

तेव्हा मी सांगितलं. निरोपाचंही सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला. "खडा कुठं वाढला ते आपण सांगू शकतो," ते म्हणाले. "कुणाच्या खिशातून आला आणि बरोबर काय निरोप होता, ते नाही. तिला ते स्पष्ट लिहा."

त्या रात्री खोलीवर मी खूप कागद फाडले. आत्ती आता नाही. तिच्या मागे करंड्यात ते पत्र सापडलं, घडीवर झिजलेलं. तसंच्या तसं देतो.

"आत्ती, हे पत्र मास्तरांकडून वाचून घे, आणि दोनदा वाचायला लाव. खडा काच नाही. खडा तिथलाच आहे, ब्रह्मदेशचा. साहेबांनी पाहिलं, मग मला दाखवलं. नक्की शंभर टक्के असं या कामात कुणीच म्हणत नाही, पण सगळ्या खुणा तिथल्या आहेत. सराफ ज्याला जाळं म्हणाले, तीच सर्वांत मोठी खूण. खडा तिथल्या डोंगरात तयार होताना ते त्याच्या आत राहिलं. निम्मं गेलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. उरलेलं पुरलं.

खडा परदेशी पाठवला तर देशाच्या नावाचा कागद मिळेल आणि मग त्याला मोठी किंमत येईल. हे मी तुला सांगायलाच हवं. तू म्हणशील तसं करू.

निरोपाचं मात्र मला यंत्रातून दिसत नाही. तू खरं सांग म्हणालीस म्हणून लिहितो. मला एवढंच माहीत आहे की खड्याच्या बाबतीत तो सातारचा माणूस खोटं बोलला नाही. ज्यानं एवढा मोलाचा खडा तुझ्या हातावर आणून ठेवला, विकला नाही, तो निरोपात खोटं का घालेल? मला तरी तो निरोप खरा वाटतो, आत्ती. त्यांचा राग तेव्हाच गेला होता.

दिवाळीला खडा घेऊन येतो. माझ्यासाठी अंगठी करू नको. त्यांनी तो नथीसाठी घेतला होता, तर नथीतच बसवू. घालायची की नुसती जवळ ठेवायची, ते तुझं तू ठरव. गावातलं कोण काय म्हणेल ते मी बघतो."