मंगळावरचा फौजदार आणि चोवीस मिनिटं

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. अहो, कबूल करूनही तुम्ही हसणारच. अख्खं राहू गाव हसलं, तुमचं काय घेऊन बसलात!

मी शिरूरचा. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझं काम म्हणजे माप घ्यायचं आणि केसभर फरक दिसला की वरच्या साहेबांना विचारायचं. पंधरा वर्षं हेच. पण स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही, म्हणून कंपनीच्या बसमध्ये नाटक लिहायला घेतलं. मला काउबॉयचे पिक्चर आवडतात आणि अंतराळातलेही. म्हटलं, दोन्ही एकत्र करू! मंगळावरची वस्ती, तिथला फौजदार, एक गुंड, आणि भर दुपारी समोरासमोर गोळीबार.

सासुरवाडी राहूची. सासरे, म्हणजे आप्पा, जत्रेच्या कमिटीत. दरवर्षी वग होतो ती संध्याकाळ त्यांनी भांडून मला मिळवून दिली. म्हणाले, "कमिटीला शब्द दिलाय म्या, जावईबापू. नाटक पडलं तर मला पारावर बसता यायचं न्हाई." झालं, माझी झोप उडाली.

पहिलं वाचन मेव्हण्यापुढं. हा विलास, कुरकुंभच्या कारखान्यातली शिफ्ट करून दमून आलेला. माझ्या फौजदाराकडं एक यंत्र होतं, त्यावरून क्षणात पृथ्वीवरच्या साहेबांशी बोलता यायचं. विलासनं जांभई दिली. "मग गोळीबार कशाला दाजी? फोन लावायचा, तिकडनं बटन दाबलं की दारं लॉक. गुंड आत." खरंच की! विज्ञानानं माझा काउबॉय गिळला होता.

मी चिडून सगळी यंत्रं काढून टाकली. उरले घोडे, धूळ आणि एक विहीर. ते आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग ह्ये मंगळावर कशाला? आपल्या माळाला काय झालंय?" म्हणजे आता काउबॉयनं विज्ञान गिळलं!

तीन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. फरशी झिजेल म्हणून बायको ओरडली. चौथ्या दिवशी बसमध्ये डोक्यात उजेड पडला. कुणी कुणाला गिळायचं नाही. एकाला लागतं ते दुसऱ्यानं पुरवायचं! काउबॉयच्या गोष्टीत कायदा लांब लागतो आणि माणूस एकटा. का लांब, ते विज्ञान सांगेल. मंगळावरून निरोप पृथ्वीवर जायला बारा मिनिटं, उत्तर यायला बारा. विहिरीच्या जागी हवा बनवायचं यंत्र, ते गुंडानं ताब्यात घेतलेलं. वस्तीत हवा उरली वीस मिनिटांची. म्हणजे हुकूम येईपर्यंत सगळे मेलेले! वस्तीवरच्या घुमटात गोळी झाडली तर घुमट फुटेल, म्हणून दोघांनी पोशाख चढवून उघड्यावर यायचं. घोडा ठेवला, पण यंत्राचा. उन्हावर चालणारा, पाठीवर धूळ बसली की अडणारा. आणि गुंड बाहेर येतोच का? तो नियम काउबॉयचा. आव्हान दिल्यावर लपून बसला, तर त्याचीच माणसं त्याला सोडून जातील.

या वेळी विलास जागा राहिला. आप्पा तर इतके खूश, की आठ दिवस पारावर ज्याला त्याला बारा आणि बाराचा हिशेब समजावत होते.

जत्रेची संध्याकाळ. फौजदार मीच, दुसरं कोण! विंगेत वही घेऊन विलास. घोडा टाळ्या घेऊन गेला. घुमट, हवा, सगळं जमलं. गुंड समोर उभा. माझा हात पिस्तुलावर. आता एकच वाक्य राहिलं होतं, ज्याच्यासाठी सगळं नाटक उभं केलं ते: "विचारायला वेळ नाही. हा निर्णय माझा."

हे वाक्य मी सकाळीच बसमध्ये बदललं होतं. जुनंही आठवेना, नवंही आठवेना. पुढच्या रांगेतल्या पोरांचं शेंगा खाणं थांबलं. आणि पंधरा वर्षांची सवय हो! अडलं की वर विचारायचं. मी गुंडाकडं पाठ फिरवली आणि माईकसमोर, अगदी खणखणीत आवाजात विचारलं, "विलास, आता काय करू?"

विलासनं वही उघडायच्या आत पहिल्या रांगेतून आप्पा उठले.

"त्याला काय इचारताय, जावईबापू? बारा मिन्टं जायाला, बारा यायाला. हवा ईसच मिन्टांची हाय!"

मांडव असा हसला, की गुंडसुद्धा पोट धरून खाली बसला. त्याच गडबडीत मी गोळी झाडली. बसलेल्या माणसावर! नाटक मात्र गाजलं. आप्पांचा शब्द राहिला, तोही आप्पांच्याच वाक्यावर. वर लोक म्हणतात कसे, शेवट फार छान लिहिला होता.

रात्री आप्पांच्या घरी पानं मांडली. बायकोनं विचारलं, भात वाढू का आधी भाकरी?

मी आप्पांकडं बघितलं.