मल्लिनाथांनी कनेक्शन शिकवलं त्याची गोष्ट

लातूरच्या कोर्टासमोर टपरी टाकून मी करारनामे टाइप करतो. लोक सही करतात, वाचत नाहीत. मल्लिनाथ स्वामी मात्र प्रत्येक कलमावर बोट ठेवून बसले. मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे विजेच्या मोटारींची जळालेली तार काढून नवी गुंडाळून देण्याचं, त्यांचं दुकान एमआयडीसीच्या रस्त्याला आहे. मोटार उघडावी तसा त्यांनी माझा करार उघडला.

"हे कलम काढलं तर काय बंद पडतंय?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता. मी चिडायच्या बेतात होतो, पण मलाही उत्तर शोधावंसं वाटू लागलं.

करार होता दुकानात शिकाऊ ठेवण्याचा. शिकाऊ होती प्रियदर्शनी, अहमदपूरची. आयटीआयला इलेक्ट्रिशियन झालेली. मालक-नोकराचं नको, रीतसर शिकायचं आहे आणि ते कागदावर हवं, हा तिचा हट्ट होता. सरकारी योजनेतली ही अप्रेंटिसशिप नव्हती, दोघांतला साधा करार होता. मुदत एक वर्ष. दरमहा विद्यावेतन. काय शिकवायचं त्याची यादी: मोटार खोलणं, कॉइल गुंडाळणं, ती मोटारीच्या खाचांत भरणं, कॉइलांच्या टोकांचं कनेक्शन, तपासणी. मुदत संपली की, किंवा मध्येच करार सुटला तरी, जे प्रत्यक्ष शिकवलं तेवढ्याचंच दुकानाचं प्रमाणपत्र. आणि दोघांपैकी कुणीही पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतं.

"कुणीही म्हंजे? ही सुदिक?" मल्लिनाथ म्हणाले.

"दोघंही. नाहीतर तो करार कसला?"

ते हसले आणि सही केली. माणूस मोठा चौकस. रेडिओ, पाणबुडी पंप, घरातली शिलाई मशीन, काहीही उघडून बघायचे. फक्त स्वतःची विद्या उघडायला ते तयार नव्हते. नांदेडला त्यांच्या उस्तादांनी कनेक्शन कधीच दाखवलं नव्हतं. कॉइलांची तोंडं जोडायची वेळ आली की उस्ताद पाठ फिरवून बसायचे. मल्लिनाथ जळक्या मोटारी उकलून, कोणतं टोक कुठं जातं ते बघत चोरून शिकले. तीच रीत त्यांनी पुढे चालवली. "झाकली मूठ सव्वा लाखाची" हे त्यांचं नेहमीचं.

आठ महिने झाले. प्रियदर्शनीच्या हाताला कॉइल बसली, पण कनेक्शनच्या वेळी तिला दर वेळी दुसरं काम निघायचं. तिनं दोनदा विचारलं. "घाई कशाला करतीस?" एवढंच उत्तर मिळालं. मग एका सकाळी तिनं लेखी नोटीस त्यांच्या हातात दिली.

मल्लिनाथ थेट माझ्याकडे आले.

"नोटीस मागं घेता येत नसंल का?"

"ती घेईल तर. तुम्ही सांगून नाही."

"अन् प्रमाणपत्रात कनेक्शन टाकलं तर?"

"शिकवलं नाही तर खोटं होईल. आणि ती कुठं कामाला लागली, कनेक्शन चुकलं, मोटार गुरगुरून जळली, तर प्रमाणपत्रावर सही कुणाची?"

मला राग आला होता, खरं सांगतो. इतका हुशार माणूस, आणि एवढी साधी गोष्ट दिसत नाही.

"शिकवलं तर ती जाईल, म्हणून दडवलं," ते हळूच म्हणाले. "अन् दडवलं म्हणून चालली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला समोर बसवलं. मी काहीतरी निमित्त काढून दुकानात डोकावत होतो. बघण्यासारखं होतं: त्यांच्या हातांना सगळं येत होतं, तोंडाला येत नव्हतं. तीन फेजच्या कॉइलांची सुरुवात-शेवटाची टोकं त्यांना कधी शब्दांत सांगावी लागलीच नव्हती. "हे टोक इथं का?" ती विचारी, आणि ते जोडणी सोडवून पुन्हा बघत. मग दोघं मिळून कारण शोधत. दोनदा जोडणी चुकली, तिनं सीरीज दिव्यावर, म्हणजे मध्ये बल्ब जोडून, तपासून स्वतः चूक काढली. तिसरी मोटार गुरगुर न करता फिरली. मल्लिनाथांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

नोटिशीचे दिवस संपले. प्रियदर्शनीनं ती मागं घेतली नाही. नांदेडला एका कारखान्यात तिचं काम ठरलं होतं. त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली, यादीत कनेक्शन होतं. विद्यावेतन शेवटच्या दिवसापर्यंतचं दिलं. ती पाया पडली, ते म्हणाले, "अडलं तर फोन कर. न्हाई अडलं तरी कर."

पुढच्या सोमवारी ते टपरीवर हजर. नवा शिकाऊ करार हवा होता, रुद्राणी नावाच्या मुलीसाठी.

"जुनाच ठेवू?" मी विचारलं.

"न्हाई. कनेक्शन पहिल्या महिन्यात घाला."

"आणि शिकून दुसऱ्या महिन्यात गेली तर?"

"जाऊ द्या की. नोटिशीचं कलम हायच." मग म्हणाले, "पर ही नवी हाय, 'का' विचारायला हिला जरा वेळ लागंल. तवर मीच उत्तरांची तयारी करून ठेवतो."