दिन आणि दीन

नांदेडच्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासते. लातूरच्या क्लासेसची पुस्तकं आमच्याकडे येतात. रक्तातल्या साखरेनं माझ्या डोळ्यांच्या पडद्यांवर सूज आली तेव्हा असंच एक पुस्तक हातात होतं. शब्दाकडे बघितलं की नेमकी मधली अक्षरं पुसट व्हायची, शिरोरेघ वाकडी दिसायची. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनं देऊ, पण पूर्वीसारखं दिसेलच असं नाही."

मालकांनी छापून आलेला सोळा पानांचा फर्मा माझ्यासमोर ठेवला. घनफळाचं 'धनफळ' झालं होतं.

"ताई, लातूरहून फोन येऊन राहिलेत. तुम्हाला दिसतंय ना?"

"नाही दिसत," मी म्हणाले.

"हे पुस्तक होऊ द्या. मग बघू."

मला दुसरं कोणतंच काम येत नव्हतं. अक्षरं मोठी केली, तर ओळ संगणकाच्या पडद्याबाहेर जायची आणि परत येताना मी भलत्याच ओळीवर उतरायची. पांढऱ्या उजेडानं डोळ्यांतून पाणी गळायचं. एकदा तर मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

अक्षरजुळणी करणारे भाऊ न विचारता शेजारी येऊन बसले. त्यांनी पडदा काळा केला, अक्षरं फिकट पिवळी. टाइप जाड आणि मोकळा घेतला, म्हणजे घ-ध, भ-म वेगळे कळावेत. ओळींत अंतर वाढवलं आणि रकाना इतका अरुंद केला, की ओळ पडद्यातच मोडावी. मग म्हणाले, "संगणकाकडून वाचून घ्या की."

जुन्या फॉन्टमधला मजकूर त्या आवाजाला वाचताच येईना. भाऊंनी त्याची संगणकाला वाचता येईल अशी युनिकोड प्रत काढली. ती ऐकायची आणि दुरुस्ती मूळ पानात करायची, असं ठरलं.

आवाजानं वाचलं, "खालीलपैकी कोणता प्राणी सस्तन आहे?" पर्याय होते देवमासा, वटवाघूळ, गाय, मगर. मी थांबले. 'नाही'च्या जागी 'आहे' पडलं होतं! डोळ्यांनी दोनदा वाचताना मीच ते 'नाही' मनातून घातलं होतं.

त्या आनंदात मी पुढची पानं नुसती ऐकूनच सोडली. मालकांनी बोट ठेवलं ते 'प्रजासत्ताक दीन'वर. ऐकताना दिन काय, दीन काय, सारखंच. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पान छापायला गेलं नाही अजून," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून ऐकून झालं, की दिन-दीन, कि-की, आणि-आणी असे शब्द मी शोधपट्टीत टाकते आणि एकेक ठिकाण मोठं करून बघते. शेवटी पान खालून वर, ओळ-ओळ वाचते, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा घसरत नाही.

ते पुस्तक गेलं. मालकांनी पुढचं दिलं, पण निम्मीच पानं. बाकीची दुसरीकडे जातात. डाव्या डोळ्याला आता इंजेक्शनानंही फरक पडत नाही. उजव्याचं काय होईल, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.