अडलेली लिंक
पिरंगुटच्या कारखान्यात मी खरेदी खात्यात होतो. त्या सकाळी जुन्या पुरवठादाराने मालाची तपासणी प्रमाणपत्रं पाठवली, पण लिंक उघडेना; पडद्यावर फक्त ‘असुरक्षित’. मालाचा ट्रक गेटवर उभा होता आणि प्रमाणपत्रं पाहिल्याशिवाय तो आत घेता येत नव्हता. मी वैतागून आयटीला मेल टाकला, ‘माणसं ओळखीची आहेत, लिंक खरी आहे, मग अडवली का?’

तिथल्या मुलीचा फोन आला. “सर, त्यांच्या साइटचा पत्ता चारच दिवसांपूर्वी नोंदवलाय. इतके नवे पत्ते फिल्टर आपोआप अडवतो. त्यांना जुन्या नंबरवर विचारून घ्या, मेलमधल्या नको.”

मी जुन्या नंबरवर फोन लावून विचारलं. “व्हय, आमीच बदललाय. सांगायचं राहिलं,” पुरवठादार म्हणाला.

तिने तेवढी साइट मोकळी केली आणि माल आत आला. तिला दोन बरे शब्द लिहावेत असं वाटलं, पण या धावपळीत तेवढं त्राण उरलं नव्हतं. ‘उघडली’ एवढंच लिहिलं.