टिकली अंधारात जाईना

तनुजा गोर्डे पहाटे साडेचारला उठली ती दमलेलीच उठली. चितेगावच्या शाळेतून मागून आणलेला पृथ्वीगोल तिनं जुन्या साडीत गुंडाळला. बल्ब, होल्डर, वायर पिशवीत टाकली. अकरा वर्षं ती तिथंच तासिकेवर भूगोल शिकवत होती. आज शहरातल्या एका संस्थेत कायम जागेसाठी नमुना पाठ होता. वय बेचाळीस. पुन्हा अशी जागा निघेपर्यंत ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

नववीच्या वर्गात अंधारासाठी खिडक्यांना वर्तमानपत्रं लावली होती. मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब होते, शेजारी तपासणीला बोलावलेले निवृत्त भूगोलशिक्षक श्रीनिवास सर.

"उरका बाई लवकर," नानासाहेब म्हणाले. "मला पाचोडला लग्न गाठायचंय. अक्षता चुकल्या तर चालतंय, पंगत नाय चुकली पाह्यजे."

मुलं हसली. तनुजाही हसली. हसायचेही कष्ट होतात, हे तिला हल्ली कळलं होतं.

मधल्या टेबलावर बल्ब पेटला. खिडकीजवळ उभं राहून तिनं गोल धरला, उत्तर टोक बल्बकडे झुकलेलं.

"पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललाय. म्हणून एकवीस जूनला सूर्य साडेतेवीस उत्तरेला बरोब्बर डोक्यावर येतो. त्याच्या वर कधीच जात नाही. तिथं कर्कवृत्त. आपलं गाव त्याच्या खाली आहे, विसाच्या आसपास. म्हणून मे आणि जुलैत एकेक दिवस भरदुपारी खांबाची सावली बुडातच जिरते. दिल्लीला हे कधी दिसायचं नाही."

मग तिनं पाकिटातली लाल टिकली काढून नॉर्वेच्या उत्तर टोकाला चिकटवली.

"उजेड गोलाच्या अर्ध्याच भागावर पडतो. सूर्य जिथं डोक्यावर, तिथून चहूकडे नव्वद अंश. साडेतेवीसपासून नव्वद मोजत जा. ध्रुव ओलांडून पलीकडे साडेसहासष्टला उतराल. तिथं आर्क्टिक वृत्त. त्याच्या आतल्या गावाचा सूर्य त्या दिवशी मावळतच नाही."

तिनं गोल फिरवला. टिकली पलीकडच्या बाजूला गेली, तिथं मध्यरात्र झाली, तरी उजेडातच राहिली. वर्ग पुढे वाकला.

"आता डिसेंबर." गोल छातीशी धरून ती बल्बला वळसा घालत दाराजवळ गेली. गोल फिरवला. टिकली उजेडातच.

पुढच्या बाकावरची सई म्हणाली, "बाई, डिसेंबरातबी सूर्य मावळंना की तिथं!"

"बरंय की," नानासाहेब म्हणाले. "लाइट बिल वाचलं!"

तनुजानं हातातल्या गोलाकडे पाहिलं. चालताना तिचं तोंड बल्बकडे राहिलं होतं. तिच्याबरोबर गोलही वळला होता आणि आसाचं टोक अजून बल्बकडेच होतं. तिच्या हातात वर्षभर जूनच चालला होता.

तासाची सहा मिनिटं उरली होती. मकरवृत्त राहिलं होतं, फळ्यावरची आकृती राहिली होती. 'पुस्तकात बघा, डिसेंबरात अंधार असतो' एवढं म्हटलं असतं तर मुलांनी मान डोलावली असती.

"मी चुकले," ती म्हणाली. "परत बघा."

ती खिडकीपाशी परतली. "टोक दाराकडे आहे ना? मी कुठंही गेले तरी ते दाराकडेच राहिलं पाहिजे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, पण आसाची दिशा सोडत नाही." मग ती तोंड न वळवता आडवी, पाय चाचपडत चालली. दारापाशी टोक बल्बपासून पलीकडे झुकलं. गोल फिरवला, पुन्हा फिरवला. टिकली अंधारात गेली ती उजेडात आलीच नाही.

"भर दुपारी रात्र!" कुणीतरी ओरडलं. घंटा झाली.

नानासाहेब उठले. "बाई, खरं बोललात, चांगलं केलं. पण पाठ अर्धा राह्यला."

ते गेल्यावर श्रीनिवास सर पायऱ्यांपर्यंत आले. "'वेळेत पूर्ण' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. त्यावरच जागा जाईल तुमची."

"व्हय सर. नव्हताच झाला पूर्ण."

ते घुटमळले. "मी तीस वर्षं तसाच गोल फिरवला. मला कुणी विचारलंच नाही."

तिनं गोल साडीत गुंडाळला आणि पैठण गाडी पकडली. उभ्यानंच आली.

चितेगावला शेवटचा तास तिचा होता. कालच तिनं या मुलांपुढं पाठाची तालीम केली होती, टिकली न लावता. वह्यांत त्यावरून काढलेल्या आकृत्या होत्या. पाय दुखत होते. तिनं टेबलावर बल्ब ठेवला.

"बाई, लागली का नोकरी?" मुलांनी विचारलं.

"नाय लागली. खिडक्या लावा. काल मी तुमच्यापुढं पृथ्वी चुकीची फिरवली."