नळ तिच्या नावावर, मीटर परक्याच्या

माझी बायको गेल्यानंतरच्या महिन्यातही लातूरच्या फ्लॅटचं लाईट बिल आलं, आणि नेहमीसारखंच एका परक्या माणसाच्या नावाने आलं. ते हातात घेऊन मी बराच वेळ दारात उभा होतो. रडू येईल असं मुलीला वाटलं असावं. मला राग आला होता. तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

फ्लॅट बायकोने घेतला होता. ती बिलोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, मी नांदेडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे दहावीनंतर लातूर आलंच. आमच्याकडे मूल हुशार निघालं की त्याला लातूरला ठेवतात. ज्यांना जमतं ते क्लासच्या आसपास फ्लॅट घेतात, आई किंवा आजी तिथे डबे करायला राहते, आणि मुलाचा मेडिकलला नंबर लागला की फ्लॅट पुढच्या मुलाच्या आईबापांना विकून टाकतात. बायकोने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. खरेदीखत तिच्या एकटीच्या नावावर करायचं, असं तिने सांगितलं तेव्हा मी मान हलवली. कारण विचारायची गरज नव्हती.

ती किल्लारीकडची. भूकंप झाला तेव्हा शाळकरी होती. पत्र्याच्या शेडमध्ये तिची काही वर्षं गेली. मग पुनर्वसनाचं घर मिळालं, ते वडिलांच्या नावावर, आणि वडिलांनंतर भावाच्या. नांदेडला आम्ही कायम भाड्याने राहिलो, म्हणजे बिल मालकाच्या नावाचं. बँकेत, शाळेत, रेशनच्या दुकानात तिचा पत्ता नेहमी कुणाच्या तरी मार्फत. एकदा ती म्हणाली होती, "अहो, मला दागिना नको. माझ्या नावाचं लाईट बिल येऊ द्या. भिंत पडली तर निदान कागदावर तरी कळंल, इथं कोण राहत होतं ते."

खरेदीच्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या आवारात तिने विकणाऱ्याकडून वीज आणि पाण्यासाठी ना हरकत पत्रं सही करून घेतली. तो परभणीचा कापड दुकानदार, मुलाचा नंबर लागल्याने खुशीत होता.

"बाई, तुम्ही लईच शिस्तीच्या. लातूरच्या फ्लॅटला कोणी मीटर नावावर करतंय का? दोन वर्षांचा तर सवाल. लाईट काय नाव बघून लागती?"

"मग आत्ता कोणाच्या नावावर आहे?"

"असंल कोणाच्या तरी. आम्ही आलो तवा होतं तेच हाय."

तिने बिल पाहिलं. नाव त्याचं नव्हतं. त्याच्या आधीच्या मालकाचंही नव्हतं. अगदी पहिल्या मालकाचं होतं. मधल्या प्रत्येकाने फ्लॅट घेतला, मुलाला शिकवलं, बिल भरलं आणि निघून गेला. नाव बदलायला कोणालाच सवड नव्हती. सवड नव्हती हे खोटं आहे. त्यांना गरज वाटली नाही, आणि आपल्यामागून येणाऱ्याचं काय, हा विचार त्यांच्यापैकी एकालाही शिवला नाही. सगळे आपापल्या मुलांना लोकांची सेवा करायला शिकवायला आले होते.

पाण्याचं काम आधी झालं. पाणीपुरवठा विभागात तिला सांगितलं, घरपट्टीला तुमचं नाव लागल्याशिवाय नळाला लागणार नाही. म्हणून ती कर विभागात गेली. तिथे खरेदीखताची प्रत, निबंधकाकडचा नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, घरपट्टी भरल्याची पावती आणि अर्ज दिला. तिथे नाव चढल्यावर तो उतारा, पाणीपट्टी थकलेली नसल्याची बेबाकी, विकणाऱ्याचं ना हरकत पत्र आणि आधार घेऊन परत पाणीपुरवठ्यात. मुलीसोबत माझी आई राहायची; ही रजा घेऊन घेऊन बिलोलीहून यायची. शेवटी पाणीपट्टीचं बिल तिच्या नावाने आलं. तिने ते फ्रिजवर चिकटवलं. त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही येईलच असं नाही.

"बघ," ती मुलीला म्हणाली, "पाण्याला माझं नाव हाय पण पाणी न्हाई. लाईट हाय पण नाव न्हाई."

दोघी हसत सुटल्या होत्या.

वीज कार्यालयात ती सगळं नीट लावून गेली. अर्ज, भरलेलं शेवटचं बिल, इंडेक्स टू, खरेदीखत, आधार, पॅन, फोटो, विकणाऱ्याचं ना हरकत पत्र. खिडकीतल्या कारकुनाने ते पत्र उलटून पाहिलं.

"हा कोण?"

"ज्यांच्याकडून घेतला ते."

"मीटर याच्या नावावर कुठंय? ज्याच्या नावावर आहे त्याची संमती आणा मॅडम. याच्या हरकतीचं मी काय करू, लोणचं घालू?"

मागे रांगेतले लोक हसले म्हणे. तिने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तीही हसत होती. मी हसलो नाही.

तिने तो पहिला मालक शोधून काढला. इमारतीच्या जुन्या रखवालदाराला त्याचं गाव ठाऊक होतं, आणि ते निघालं किल्लारीच्याच पट्ट्यातलं. ती रविवारी जीपने गेली. म्हातारा पुनर्वसनाच्या घराच्या ओसरीवर बसला होता. त्याने तिला तिच्या वडिलांच्या नावाने ओळखलं, चहा दिला, भूकंपातली आपली माणसं एकेक करून सांगितली. संमतीपत्र पुढे केल्यावर मात्र त्याने हात मागे घेतला.

"पोरी, भूकंपाच्या वक्ताला लई कागदांवर अंगठे दिले. कुठला कागद कुठं गेला, ठाव न्हाई. कोणाचं घर आलं, कोणाचं न्हाई. फ्लॅट विकताना केली ती शेवटची, आता मरंपातूर सही न्हाई."

"मामा, फ्लॅट तर तुम्ही कधीच विकला. नुसतं मीटरचं हाय."

"मीटरचं असंल. सही न्हाई."

ती तशीच परत आली. मी चिडलो. ती म्हणाली, "चिडू नका. त्यांच्या जागी मी असते तर मीसुद्धा केली नसती." दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जाऊन पाहीन, असं तिने ठरवलं. दिवाळीच्या आधीच शाळेत तिच्या छातीत दुखायला लागलं. बिलोलीहून नांदेडला आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि ते बिल आलं. मी मृत्यूचा दाखला आणि तिची कागदांची पिशवी घेऊन त्याच खिडकीवर गेलो. मुलीच्या परीक्षेपर्यंत वीज तुटायला नको, एवढीच भीती होती. कारकुनाने दाखला वाचला, आवाज खाली आणला.

"वाईट झालं सर. पण काम अवघड नाही. वारस दाखला आणा, मुलीची संमती जोडा, तुमच्या नावावर करून टाकू."

"आणि पहिल्या मालकाची संमती?"

"ती नाही मिळत तर हमीपत्र द्या ना. स्टॅम्पवर लिहून द्यायचं, पुढं कोणी दावा केला तर जबाबदारी माझी. जुनी सुरक्षा ठेव मिळणार नाही, नवीन भरायची. खरेदीखत नोंदणीकृत आहे, बस झालं."

"हा रस्ता आधीपासून होता?"

"होताच की."

"मग माझ्या बायकोला का नाही सांगितला?"

तो खरोखर गोंधळला. त्याने तिला ओळखलंच नव्हतं.

"त्यांनी विचारलं नसंल सर."

मी आयुष्यात मोठ्याने बोललेलो नाही. ग्रंथालयातही बोट ओठांवर ठेवूनच काम भागवतो. त्या दिवशीही बोललो नाही. मी म्हणालो, आधी तिच्या नावावर करा, मग पुढचं बघू. तो म्हणाला, मयत माणसाच्या नावावर मीटर होत नाही. बरोबरच होतं ते. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. मी पिशवी उचलली आणि निघून आलो. माझं नाव मी लावलं नाही. तिच्यासाठी जे सांगायला त्याला तोंड नव्हतं, ते मला फुकट मिळत होतं, आणि मला ते नको होतं. बिल परक्याच्या नावाने येत राहिलं, मी भरत राहिलो.

मुलीचा नंबर लागला, ती बाहेरगावी गेली. मला त्या जिन्यावर पाय ठेववेना. फ्लॅट विकायला काढला. घेणारी बाई उदगीरची, नवऱ्यासोबत शिवणकामाचं दुकान चालवणारी, मुलाला घेऊन आलेली. खरेदीखतावर मी आणि मुलीने वारस म्हणून सह्या केल्या. उठताना बाई संकोचून म्हणाली,

"सर, एक पूछना था. लाईट माझ्या नावाने होईल ना? सगळे म्हणतात, राहू द्या."

"राहू द्यायचं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

खिडकीवर तोच कारकून. बाईचे कागद पाहून त्याने तेच सुरू केलं, "मीटर ज्याच्या नावावर आहे त्याची संमती..."

"आणि ती नसेल तर काय, ते सांगा," मी म्हणालो.

"सर, तुम्ही मधी..."

"हमीपत्र आणि नवीन ठेव. सांगा यांना. तुमच्या तोंडून सांगा. मागं रांगेत जे उभे आहेत त्यांनाही ऐकू जाऊ द्या."

मी ओरडत होतो. आतून एक अधिकारी उठून आला. मागून कोणीतरी म्हणालं, "सरांचं बरोबर हाय, आम्हालाबी कोणी सांगितलं न्हाई." कारकुनाने शब्द न् शब्द सांगितलं, अर्जावर लिहूनही दिलं. बाई मान खाली घालून उभी होती. तिला माझी लाज वाटत असावी. मला वाटली नाही.

मग पाणीपुरवठा विभाग. तिथे कोणी अडवलं नाही. नळ बायकोच्या नावावर होता, म्हणून तिचा वारस या नात्याने माझं ना हरकत पत्र हवं होतं. टेबलावरच्या मुलीने छापील नमुना पुढे सरकवला. बायकोच्या आयुष्यात तिच्या नावाने बिल आलेली ती एकच गोष्ट होती, महिन्यातून जेमतेम चार वेळा वाहणारा एक नळ. आणि तिचं नाव काढायला माझी हरकत नाही, असं मी लिहून द्यायचं होतं.

"सर, इथं सही."

बाई शेजारी उभी होती. पर्सच्या बंदावर तिची बोटं घट्ट आवळलेली. मी सही केली. इतक्या जोरात, की पेनने खालचा कागदही फाटला.  टेबलावरच्या मुलीने दुसरा नमुना दिला, आणि मी पुन्हा सही केली.